माझ्या टीव्हीवरची निळी लेक

माझी जाऊ वर राहते, मी खाली. मनीषनगरातलं घर एकच, जिना एकच, आणि टीव्हीही आम्ही एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे घेतलेले. तरी लेक लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली, ती स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ पाहायला वर जाऊन बसली! माझ्या जिवाचा नुसता जळफळाट.

"काहून वं, खाली टीव्ही नाही का?"

"आई, तुया टीव्हीवर मी बिमार दिसते."

खोटं नव्हतं. हळदीच्या वेळचा तिचा चेहरा आमच्याकडे निळसर, राखाडी. नवरदेवाचा सदरा मात्र पांढराफटक. मला वाटलं, दुकानदारानं जावेला चांगला पीस दिला आणि खराब माझ्या माथी मारला.

सकाळी साखर मागायच्या निमित्तानं वर गेले. तोच व्हिडिओ सुरू. लेकीचा गव्हाळ रंग जसाच्या तसा, हळद हळदीसारखी. शेवटी न राहवून विचारलंच.

जावेनं रिमोटनं पिक्चरच्या सेटिंगमध्ये कलर टेम्परेचर उघडलं. कूल केलं, की लेक माझ्या घरातली. स्टँडर्डवर जरा बरी. वॉर्मवर पुन्हा तजेलदार.

"ताई, कूलमध्ये पांढऱ्यात निळं जास्त असते. दुकानातल्या उजेडात ते झगझगीत दिसते, म्हणून टीव्ही तसाच लावून देतात. पण व्हिडिओवाले रंग ठरवतात ते वॉर्मच्या जवळच्या पांढऱ्यावर."

हे हिला व्हिडिओवाल्यानंच सांगितलेलं. तो व्हिडिओ द्यायला आला तेव्हा मी चहा करत होते, आणि ही त्याच्याजवळ बसून सगळं विचारून घेत होती. अशीच आहे मेली!

खाली येऊन मीही वॉर्म लावलं. अगंबाई, सगळं पिवळं! नवरा म्हणाला, "याले पीलिया झाला का?"

"हात लावाल तर खबरदार," मी म्हटलं. जाऊ जे पाहू शकते ते मी का नाही? दोन-तीन दिवस टीव्ही तसाच पाहिला, आणि पिवळेपणा कुठे गेला ते कळलंच नाही. नवऱ्यानं एकदा गुपचूप कूल करून पाहिलं आणि स्वतःच परत फिरवलं. "हे तर निळं दिसून राहिलं गा," असं आपल्याशीच पुटपुटला.

लेक सासरी जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला हाताला धरून बसवलं आणि व्हिडिओ लावला. हळदीचा प्रसंग आला. ती पुढे सरकून पाहतच राहिली. मी कान टवकारून बसले होते, आता म्हणेल, आई, किती छान.

"अय्या! एकदम काकूच्या टीव्हीसारखा!" आणि जिन्याकडे तोंड करून ओरडली, "काकू, खाली या न!"

काकू आल्या. आमच्या दोघींच्या मध्ये बसल्या. लेकीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं. पडद्यावर काकू तिच्या गालाला हळद लावत होत्या आणि ती खळखळून हसत होती. मी हळद लावली तेव्हा ती इतकी हसली नव्हती, हे मला त्या रंगात अगदी स्वच्छ दिसलं.