ग्राफिक्स कार्ड आणि माझं 'आदरणीय'

'आदरणीय महोदय, कार्ड बसवल्यापासून विंडोज सुरू होण्याआधीच स्क्रीनवर रंगीत चौकोन दिसतात. ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, केबल बदलली. मित्राच्या कॉम्प्युटरवरही तेच चौकोन आले. त्याचं कार्ड माझ्याकडे मात्र नीट चाललं. कृपया बदलून द्यावे.'

असा ईमेल मी दुकानाला पाठवला आणि कार्ड शुक्रवार पेठेत नेऊन दिलं. मशीनच्या खाचेत बसणाऱ्या पिनांना धूळ लागू नये म्हणून त्यांवर कागद चिकटवला होता. बँकेतल्या सवयीने जोडावर सहीही ठोकली होती.

आठवड्याने उत्तर आलं, 'दोन दिवस मशीनला लावून तपासलं. कार्डात दोष नाही.'

कार्ड घरी आणून उघडलं. पिनांवरचा कागद माझ्या सहीसकट जसाच्या तसा होता. दुकानवाल्यांची शिसारी आलीच, पण त्याहून जास्त किळस आली माझ्या त्या 'आदरणीय'ची.