डॉरकसबाईंची गाठ

अमेरिकेतल्या मेन राज्यात, तळ्याकाठच्या उन्हाळी शिबिरात डॉरकस पेल्की एकतीस उन्हाळे मुलांना हस्तकला शिकवत होती. नाटकाचे मुकुट तिच्या टेबलावर घडत, सांघिक शर्यतींचे झेंडेही तिथेच रंगत. शेवटच्या दिवशी मोठ्या मुलांनी आपण विणलेला दोऱ्याचा गोफ धाकट्या जोडीदाराच्या मनगटावर बांधायचा आणि धाकट्यांनी त्यांच्या, ही रीत तिचीच.

"एका हाताने गाठ बसत नाही रे शहाण्यांनो, जोडीदार धरा!" ती खेकसली.

"तुम्हाला कोण बांधणार, बाई?" एका चिमुरडीने विचारलं.

"मला? घरी ढीग पडलाय गोफांचा. पळ, बस सुटेल!"

बस गेली. टेबलाखाली कुणाचातरी विसरलेला गोफ होता. डॉरकसने तो मनगटाभोवती घेतला, एक टोक दातांत धरलं.

गाठ तीनदा सुटली.