तिसऱ्या कंपनीची शिफारस

औषधांच्या घाऊक दुकानातला साठा सांभाळणाऱ्या ताईंनी तीन सॉफ्टवेअर कंपन्या पारखून मालकांना टिपण दिलं. पहिली स्वस्त, पण आपलीच माहिती आपल्याला बाहेर काढू देत नाही. दुसरी इंटरनेट गेलं की ठप्प. तिसरी महाग, पण रोज माहितीची प्रत आपल्या हाती देते, म्हणून तीच घ्यावी.

"ताई, तुम्ही फार घाबरता बुवा! पहिली मेहुण्याच्या ओळखीतली आहे," म्हणत मालकांनी पहिलीलाच होकार कळवून टाकला. ताईंनी दातओठ खाल्ले.

कंपनीच्या माणसाने दुकानाची सगळी माहिती कंपनीच्या सर्व्हरवर चढवली आणि जुना कॉम्प्युटर पुसून कोरा केला.

"उद्या तुम्हाला सोडायचं ठरलं तर?" ताईंनी विचारलं.

तो गोड हसला. "ताई, आजवर एकही गिऱ्हाईक आम्हाला सोडून गेलेलं नाही."