अकराशेची किटली

पंचवटीच्या भाजीबाजारात धनराजला कुणी गंडवल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. निदान धनराजचं म्हणणं तसं होतं, आणि ते तो न विचारता सांगायचा. टोमॅटोच्या ढिगामागे बसून बँकेच्या व्याजापासून डॉक्टरच्या फीपर्यंत कशातही तो फुकट सल्ला द्यायचा. भाजी मात्र फुकट द्यायचा नाही.

घरी मिक्सर हवा होता. सून निकितानं मोबाईलवर दाखवला, तीन हजाराचा. खाली एक कूपन होतं: घरगुती वस्तूंपैकी कुठल्याही तीन घेतल्या तर आठशे रुपये सूट. धनराजच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं नऊशेची इस्त्री आणि अकराशेची चहाची किटली घ्यायला लावली. पाच हजारांचा माल बेचाळीसशेला आला. किटली पिशवीतून काढलीही नाही. परत करायची आणि अकराशे परत घ्यायचे, आठशेची सूट आपल्याकडेच. हा बेत त्यानं सकाळी सकाळी सगळ्या ओळीला ऐकवला. शेजारी गजरे विकणाऱ्या सिंधुबाईनं तर मनापासून दाद दिली, आणि तेच कूपन लावून कुकर, डबे आणि नऊशेचा तवा मागवला. तवा परत करून त्या नऊशेत नातीला दप्तर घ्यायचं तिनं ठरवलं होतं.

किटली परत करताना निकिता म्हणाली, "आबा, इथे परतावा तीनशे दाखवतंय." धनराज पालक निवडत होता. "दाब तू, नंतर बघू," म्हणाला. माणूस येऊन किटली घेऊन गेला, आणि चार दिवसांनी खात्यात खरंच तीनशे रुपये आले.

त्यानं निकिताला कस्टमर केअरला फोन लावायला सांगितलं. पलीकडच्या मुलीनं शांतपणे समजावलं: सूट तीन वस्तूंची होती, आता दोनच राहिल्या, म्हणून सूट रद्द. मिक्सर आणि इस्त्रीची पूर्ण किंमत एकोणचाळीसशे. भरलेल्या बेचाळीसशेतून ती वजा जाता तीनशे उरतात. परत पाठवण्याआधी पडद्यावर लिहिलं होतं, साहेब.

"ही लूट आहे," धनराज फोन ठेवल्यावर गरजला. "दिलेली सूट परत घेतात, बाजारात असं कुणी करतं का?"

निकिता म्हणाली, "तुम्हीच करता आबा. टोमॅटो शंभरला तीन किलो, सुटा किलो चाळीस. कुणी एक किलो परत आणला तर दोन किलोचे ऐंशी कापून वीसच हातावर ठेवता."

तो नियम धनराजनंच बसवला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. परत देणाऱ्या गिऱ्हाइकाला तो वर हिशोबही शिकवायचा.

दुसऱ्या दिवशी सिंधुबाईनं विचारलं, आले का पैसे. समोर चारपाच जण ऐकत होते. धनराज म्हणाला, आले की, पुरे अकराशे. ऐकून ती खूश झाली आणि त्याच दुपारी मुलाकरवी तवा परत करायची नोंद केली. पडद्यावर काय लिहिलंय हे मुलानं वाचलं असेल तरी आईनं ऐकलं नसणार. धनराजभाऊंचे आले होते ना.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी सिंधुबाई सांगत होती की तीनला तवा न्यायला माणूस येणार. धनराज मेथीच्या जुड्या बांधत होता. बांधलेली जुडी त्यानं सोडून पुन्हा बांधली. तवाही जाणार आणि आठशेची सूट कापून हातात शंभरच पडणार, हे त्याला पाठ होतं. सांगावं तर तीस वर्षांची अब्रू जाते. गप्प बसावं तर कुणाला कळणार नाही, कंपनीवर ढकलता येईल. दोन वाजेपर्यंत तो हेच तोलत बसला. वजनकाट्यावर हात ठेवून गिऱ्हाइकाला भाव विचारणारा तो पहिल्यांदाच दिसला.

मग तो उठून तिच्या टोपलीपाशी गेला.

"सिंधुबाई, तवा देऊ नका. मुलाला सांगून परतीची नोंद रद्द करा, माणूस यायच्या आत."

"का ओ? तुमचे तर अकराशे आले."

"तीनशे आले. अकराशे मी खोटं सांगितलं."

ओळीतल्या सगळ्यांनी ऐकलं. त्यानं मग शंभराचा हिशोबही सांगितला, हळू आवाजात, तिला उमजेपर्यंत. सिंधुबाईनं फोन काढला, मुलाशी बोलली, आणि परतीची नोंद वेळेत रद्द झाली. मग ती पुन्हा गजऱ्याचा दोरा ओढू लागली. दप्तराचं काय, हे तिनं विचारलं नाही आणि त्यालाही विचारवलं नाही.

धनराज आपल्या जागेवर येऊन बसला. आता ओळ हसेल याची तो वाट पाहत होता. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. पण सगळे आपापल्या भाजीवर पाणी मारत राहिले, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याला कुणी कसला सल्ला विचारायला आलं नाही.