साठ टक्क्यांची सूट आणि दामिनी वासनिक

दामिनी वासनिक एस.टी.त कंडक्टर आहे. नागपूर-सावनेर फेरीवर तिची ड्युटी असते. तिकिटाचे दर वाढले की लोक तिच्याशीच भांडतात, जणू दर तिनेच घरी बसून वाढवले. ती भांडत नाही. समोरच्याकडे नुसती पाहते, आणि त्या पाहण्यातच माणूस सुट्टे पैसे काढून देतो. इंदोऱ्यात आमच्या गल्लीत ती राहते. तिच्या जिभेला सगळी वस्ती वचकून असते आणि तिच्यामागे तिच्याबद्दल बोलते.

सूट हा शब्द ऐकला की तिचे ओठ वाकडे होतात. त्याला कारण आहे. मागे एका दसऱ्याला तिने ऑनलाइन सेलमध्ये वॉशिंग मशीन घेतली होती. वरची किंमत खोडलेली, खाली निम्मी किंमत, बाजूला लाल अक्षरांत अभिनंदन. तिने डेपोत पेढेही वाटले. तिच्यासोबतची कंडक्टर जया पेढा तोंडात टाकत म्हणाली, "तेच मशीन मी पावसाळ्यात घेतलं वं. तुझ्याहून स्वस्तात." दामिनीला खोटं वाटलं. जयाने मोबाइलवर आपली जुनी ऑर्डर काढून दाखवली. तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर, तीच साइट. सेल नसताना कमी किंमत आणि सेलमध्ये जास्त.

"म्हणजे मी पेढे कशाचे वाटून राहिली?" दामिनी म्हणाली. उरलेले पेढे तिने डबा बंद करून घरी नेले.

त्यानंतर तिने एक गोष्ट शिकून घेतली. वस्तूची लिंक कॉपी करायची आणि किमतींचा इतिहास दाखवणाऱ्या साइटवर चिकटवायची. ती वस्तू कधी कितीला विकली जात होती याची रेघ समोर येते. कुठे चढली, कुठे उतरली, सगळं. यात हुशारी काही लागत नाही, असं ती म्हणते. लागते फक्त थोडी लाज, की आपल्याला कुणी मूर्ख बनवू नये.

आता रोशनबद्दल. रोशन आमच्याच वस्तीतला, तिशीतला. मोबाइलवर तो 'धमाका लूट' नावाचा ग्रुप चालवतो. दिवसभर त्यात लिंका पडतात. 'लवकर करा', 'स्टॉक संपला', 'कंपनीची चूक झाली, पटकन घ्या' असलं सगळं. त्याच्या लिंकवरून कुणी काही घेतलं की त्याला कमिशन मिळतं. ते तो कुणाला सांगत नाही. लोकांना वाटतं, पोरगा समाजसेवा करून राहिला. लग्नाकार्यात त्याला पुढच्या खुर्चीवर बसवतात.

आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली तिथे वाचत बसतात. एप्रिलमध्येच तिची भट्टी होते. म्हणून यंदा वर्गणी काढून दोन कूलर आणि भिंतीवरचे चार पंखे घ्यायचं ठरलं. रविवारी दुपारी विहारात बैठक बसली. अध्यक्ष दादाजी मेश्राम, रेल्वेतून निवृत्त झालेले, सज्जन आणि कुणालाही नाही न म्हणू शकणारे. रोशन मोबाइल हातात घेऊनच आला होता.

"दादाजी, पाहा. कूलर. बावीस हजार नऊशे नव्वदचा नऊ हजार एकशे नव्व्याण्णवमध्ये. साठ टक्के सूट! पण घड्याळ चालू आहे. अर्धा तासच राहिला."

मोबाइल हातोहात फिरला. साठ टक्के पाहून लोकांचे डोळे मोठे झाले. दोन कूलरवर सत्तावीस हजार वाचणार, असा हिशेबही कुणीतरी करून टाकला. न झालेल्या खर्चाची बचत मोजण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरू शकत नाही. दादाजी खिशातून चष्मा काढत म्हणाले, "मग करून टाका बा."

मोबाइल दामिनीपर्यंत आला.

"हा कूलर बावीस हजारांत कोणी घेतला?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"एका माणसाचं नाव सांग. नागपुरातला नसला तरी चालते. कन्हानचा सांग, उमरेडचा सांग."

रोशन हसला. "ताई, एमआरपी आहे ते. खोक्यावर छापून येते. खोटी कशी राहील?"

"खोटी नाहीच म्हणून राहिली मी. एमआरपी म्हणजे याच्यावर घ्यायचं नाही, एवढंच. कंपनीने ती आकाशात छापली अन् दुकानदाराने जमिनीवर विकलं, तर तुले सूट कुठून भेटली? तितक्याले ते कधी विकलंच नाही."

तिने लिंक कॉपी केली, इतिहासाच्या साइटवर चिकटवली आणि मोबाइल दादाजींच्या हातात दिला. रेघ स्पष्ट होती. मागच्या पावसाळ्यात तो कूलर आठ हजारांच्या आत होता. हिवाळ्यात साडेसात हजारांच्या आसपास. मार्च लागताच रेघ एकदम उभी चढली होती, साडेअकरापर्यंत. आणि आता सेलमध्ये ती नऊ हजार दोनशेच्या जवळ उतरली होती.

"म्हणजे आधी चढवला अन् मग उतरवला?" दादाजींनी विचारलं.

"हो. अन् उतरवतानाही हिवाळ्याच्या किमतीपर्यंत नाही उतरवला. बावीस हजाराच्या आसपास तर ही रेघ वर्षभरात एकदाही गेली नाही."

"उन्हाळ्यात कूलर महाग होतेच ना," रोशन म्हणाला.

"होते. मग तसं लिही ना तुझ्या ग्रुपात. उन्हाळा आहे, महाग झाला, घ्या. लूट काहून लिहितो?"

कुणीतरी खुसखुसलं. रोशनचा चेहरा उतरला. तो घाईने म्हणाला, "वेळ निघून जाईल दादाजी. घड्याळ पाहा."

"निघू द्या," दामिनी म्हणाली. "आपण चहा पिऊ."

चहा आला. मोबाइल सतरंजीवर मधोमध ठेवला होता आणि पंधरा-वीस माणसं त्या घड्याळाकडे बघत बशीतून चहा पीत होती. असा मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्यात मीही होतो. घड्याळ शून्यावर आलं. दामिनीने पान पुन्हा उघडलं. किंमत तीच होती. घड्याळ मात्र नव्याने भरून पुन्हा धावायला लागलं होतं.

मग मागच्या रांगेतून हसू फुटलं आणि सगळ्या खोलीत पसरलं. दादाजीही हसले. रोशनला मात्र ते सहन होईना.

"तुमचा ग्राफ म्हणजे काही देव नाही," तो म्हणाला आणि त्याच साइटवर त्याने दुसरी लिंक चिकटवली. "हा दुसरा कूलर पाहा. याची किंमत चढलेलीच नाही. सरळ रेघ आहे. पासष्ट टक्के सूट."

दामिनीने ते पान नीट पाहिलं. रेघ खरंच सरळ होती, पण बोटभरच लांब. त्या नावाने तो कूलर विकायला येऊन दोनच आठवडे झाले होते. फोटो, टाकी, मोटर, सगळं पहिल्याच कूलरचं. मॉडेल नंबरच्या शेवटी फक्त एक अक्षर वाढवलं होतं.

"बारसं पुन्हा केलं याचं," ती म्हणाली. "ज्याचा मागचा काळच नाही, त्याची जुनी किंमत कोणती बा?"

नाराज होऊन रोशन म्हणाला, "मग काहीच नका घेऊ. सगळंच फसवणूक आहे ना. हे पंखेही राहू द्या."

"दाखव पंखे," दामिनी म्हणाली.

पंख्यावर सूट होती तेरा टक्के. दोन हजार सहाशे पन्नास खोडून दोन हजार दोनशे नव्व्याण्णव. इतकी फाटकी सूट ग्रुपात टाकायलाही रोशनला लाज वाटली असती. दामिनीने रेघ काढली आणि बराच वेळ पाहत राहिली. पंखा वर्षभर अडीच हजारांच्या अवतीभवती होता. चोवीसशेच्या खाली तो कधीच आला नव्हता. तिने विकणारा कोण आहे ते पाहिलं, वॉरंटी पाहिली, मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर ताडून पाहिला. मग सीताबर्डीच्या एका दुकानात फोन लावला. तिथे तोच पंखा चोवीसशे पन्नासला होता.

"ही सूट खरी आहे," ती म्हणाली. "घ्या. याच्याच लिंकवरून घ्या. त्याले कमिशन भेटते, भेटू द्या. पण रोशन, ते आता इथे सांग. सगळ्यांसमोर."

रोशन उठून चप्पल घालायला गेला. पण दादाजींनी त्याच्याकडे बघून विचारलं, "भेटते का रे?" तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "भेटते." त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. तो लाजला, कारण आजवर लपवलं होतं.

कूलरसाठी दामिनी आणि दादाजी कामठी रोडवरच्या एका लोखंडी कूलर बनवणाऱ्याकडे गेले. तिथेही 'स्पेशल सूट' असा फलक लटकत होताच. दामिनीने फलकाकडे ढुंकून पाहिलं नाही. मागच्या वर्षी टेकानाक्याच्या विहाराने याच माणसाकडून याच मापाचा कूलर घेतला होता. तो कितीला पडला हे ती आधीच विचारून आली होती. दुकानाच्या किमतीची रेघ मोबाइलवर निघत नाही, ती माणसांना विचारून काढावी लागते. मालकाने सुरुवात अकरापासून केली. दामिनीने मागच्या वर्षीचा आकडा सांगितला. पत्रा महागला, मोटर महागली, असं म्हणत म्हणत तो आठ हजारांवर आला आणि दोघांनी ते मान्य केलं, कारण पत्रा खरंच महागला होता.

रोशन सुधारला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही रोशनला ओळखत नाही. आठवड्याभरात त्याच्या ग्रुपात एक ज्यूसर आला. खाली लिहिलं होतं, 'दामिनीताईंनी तपासलेली डील, डोळे झाकून घ्या.' दामिनीने ज्यूसरचं तोंडही पाहिलं नव्हतं. तिने रेघ काढली, तिचा फोटो ग्रुपात टाकला आणि खाली लिहिलं, 'डोळे उघडा.' काही मिनिटांतच तिला ग्रुपातून काढण्यात आलं. ग्रुप मात्र आहे तसा आहे. माणसं वाढलीच. ज्यांना स्वतःलाच लुटवून घ्यायचं आहे त्यांना कोण अडवणार?

आणखी एक ताप झाला. लोक लिंका दामिनीला पाठवू लागले. सकाळी ड्युटीला निघताना चप्पल, साडी, तवा, टीव्ही. ती कुणाला उत्तर देत नसे. शेजारची गोपिका मेंढे थेट दारातच आली.

"ताई, कुकर आहे. तुमीच पाहून सांगा ना. मले नाही जमत."

"रील पाहणं जमते?"

"ते जमते."

"मग हेही जमते. बस."

तिने गोपिकेकडूनच लिंक कॉपी करवली, तिच्याकडूनच चिकटवून घेतली. गोपिका दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा दामिनीने तिला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुकरची सूट फुसकी निघाली. गोपिका गप्पपणे घरी गेली. आम्हाला वाटलं, रागावली.

पावसाळा लागल्यावर ती पुन्हा आली, हातात नवाकोरा कुकर घेऊन. ती रोज रेघ पाहत राहिली होती. एका साध्या मंगळवारी, ना सण ना सेल, कुकर वर्षभरात सर्वात खाली आला. तिने त्याच दिवशी घेतला. मग दामिनीने न शिकवलेली एक गोष्ट तिने सांगितली. पैसे भरताना दिसलेली बँकेच्या कार्डाची सूट त्या रेघेत धरलेलीच नव्हती, म्हणून कुकर रेघेहूनही स्वस्त पडला.

दामिनीने कुकर हातात घेतला, झाकण लावून पाहिलं, शिट्टी उचलून पाहिली.

"बरं केलं," ती म्हणाली.

गोपिका अजून सगळ्यांना सांगते, ताई मले चांगलं बोलल्या म्हणून.