दीपाताईंच्या घरी येणारे नेते

गेल्या हिवाळ्यात शिरगावात बोलवा उठली होती की दर रविवारी दीपाच्या घरी मोठमोठे नेते येतात. कोणी म्हणालं, ती पुढच्या निवडणुकीला उभी राहणार. कोणी म्हणालं, उभी कसली, दोन्ही पक्षांची युती लावतेय! पुरावा पक्का होता. बंद दाराआड एक नेता गरजताना आणि लगेच त्याचा कट्टर विरोधक घसा खाकरून त्याला उत्तर देताना शेजारच्या मारुतीकाकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. नेते आपल्याकडेही चहाला डोकावतील म्हणून त्यांनी अंगण झाडून घेतलं, दोन खुर्च्याही मांडल्या.

नेता एकही आला नव्हता. दोन्ही आवाज माझे होते.

मी प्रियंका, राहणार बोईसर, बीएचं पहिलं वर्ष. नकलांचं वेड इतकं, की कॉलेजात स्वतःच्या आवाजात क्वचितच बोलते. दीपाताई आम्हाला पालघरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात, तासिका तत्त्वावर. कॉलेजात त्या मॅडम, घरी ताई. त्यांची आई, चंद्रकांतामावशी, बाजारात मासळी विकते. मावशी माशाचा कल्ला उचलून ताजा की शिळा ते सांगते आणि ताई जाहीरनामा तसाच उचलून बघतात. वरच्या चकचकीत फोटोवर दोघींचाही विश्वास नाही.

ताईंची पीएचडी चालू होती. दोन मोठ्या पक्षांचे तीस वर्षांचे जाहीरनामे आणि किनाऱ्यावरच्या सभांतली भाषणं त्यांनी जमवली होती. काही तर जुन्या कार्यकर्त्यांच्या पेट्यांतून, कसरीसकट. प्रश्न साधा होता: या कागदांमधला मच्छीमार कोण आहे? हक्क असलेला माणूस, की मदत घ्यायला रांगेत उभा असलेला? त्यासाठी एकेक विधान सुटं करायचं आणि पाचपैकी एकाच खणात टाकायचं: हक्क, मदत, विकास, निसर्गरक्षण, इतर. एका वाक्यात दोन आश्वासनं असली तर ती दोन विधानं. मग मोजायचं, की कोणता खण कोणत्या काळात फुगला आणि कोणता आटला.

"मग तुम्हीच टाका ना खणात," मी पहिल्या दिवशी म्हटलं.

"मला काय सापडेल असं वाटतंय, ते मला ठाऊक हाय. मग मला तेच दिसणार," ताई म्हणाल्या. "म्हणून तुमी दोघं. वेगवेगळे बसा, एकमेकांना विचारायचं नाय."

दुसरा होता उमरोळीचा मेहुल. हा मुलगा वडापावसुद्धा चाचणी घेतल्यासारखा खातो. तो ओटीवर बसायचा, मी आतल्या खोलीत. दोघांना तीच शंभर विधानं आणि खणांचे नियम लिहिलेलं तेच कोडबुक.

ताईंचे मार्गदर्शक सर शिस्तीचे. (हात पाठीमागे, चष्मा नाकाच्या टोकावर, "दीपा, आकडा आणा, आकडा!" मला उत्तम जमतात.) दोघांची उत्तरं किती जुळतात ते मोजायचं, त्यातून निव्वळ नशिबाने जुळली असती तेवढी वजा करायची, आणि उरलेला सहमतीचा गुणांक निदान ०.७ हवा. नाहीतर प्रकरण परत. पीएचडीची मुदत एकदा वाढवून झाली होती. आता प्रकरण परत आलं तर सहा वर्षांचं काम पाण्यात.

आमचा गुणांक आला ०.४२. शंभरातली अठ्ठावन्न जुळली होती.

ताईंनी आकडा वहीत लिहिला. मावशीने विचारलं, "काय गो, नापास झालीस?"

"मी नाय आई, कोडबुक."

मला इतकं अपराधी वाटलं की मी उदार झाले. "ताई, मेहुलने जे टाकलंय तेच मी टाकते. पाच मिनिटांत नव्वदच्या वर जाऊ!"

"आकडा सुधरेल, काम बिघडेल," ताई म्हणाल्या. "जुळवून घेतलेली उत्तरं जुळली, यात नवल काय?"

मग त्यांनी न जुळलेली बेचाळीस विधानं जमिनीवर मांडली, मावशी वाटे लावते तशी. जरा वेळाने त्या वाकल्या, पुन्हा वाकल्या आणि हसायला लागल्या. जाहीरनाम्यांतली विधानं आमची बहुतेक जुळली होती. भांडण होतं ते भाषणांत. तेही एकाच ठिकाणी: मेहुल म्हणे 'मदत', मी म्हणे 'हक्क'.

"प्रियंका, हे वाच बघू. जसं रविवारी वाचलंस तसं."

कागदाच्या डोक्यावर नेत्याचं नाव होतं. मी छाती फुगवली, एक हात आभाळात: "माझ्या दर्याच्या लेकरांनो! डिझेलचा परतावा! तुमच्या! दारात! आणून देईन!"

बाहेरून मारुतीकाकांचा आवाज आला, "आले वाटतं!"

"आता मेहुल, तू."

मेहुलने वाचलं, "डिझेलचा परतावा तुमच्या दारात आणून देईन." रेशनकार्डाचा नंबर वाचावा तसं.

"बघ," ताई मला म्हणाल्या, "देणारा तो, घेणारा मच्छीमार. ही मदत. पण तू गर्जना केलीस आणि तुला त्यात हक्क ऐकू आला. तू वाक्य नाय मोजलंस, आवाज मोजलास. टाळ्या मोजल्यास."

मी मेहुलकडे बघितलं. तो सभ्यपणे छताकडे बघत होता.

त्या आठवड्यात ताईंनी कोडबुकात नवा नियम लिहिला: वस्तू आधीच कोणाची आहे असं वाक्य म्हणतं ते बघा. किनारा मच्छीमाराचाच आहे म्हटलं तर हक्क. सरकार देईल म्हटलं तर मदत. भाषणं सलग टाइप केली, उद्गारचिन्हं उडवली, नेत्यांची आणि पक्षांची नावं झाकली, सगळी विधानं पिसली. जुन्या शंभरांवर आम्ही नुसता सराव केला. खरी परीक्षा नव्या शंभरांवर, कारण जुन्यांची उत्तरं आता आम्हाला पाठ होती.

आणि मला मनातल्या मनात वाचायची शिक्षा!

"नावं झाकून काय उपयोग?" मी कुरकुरले. "मी या नेत्यांच्या नकला सातवीपासून करतेय. कोणतंही वाक्य द्या, कोणत्या पक्षाचं ते सांगते."

ताईंचे डोळे चमकले. "पैज?"

"पैज! वीस चिठ्ठ्या काढा. पंधरा ओळखल्या तर सरांची नक्कल तुमच्या वर्गात करणार, तुमच्यासमोर."

"आणि हरलीस तर एक अख्खा दिवस कॉलेजात स्वतःच्या आवाजात बोलायचं."

मेहुल पहिल्यांदाच खळखळून हसला.

रविवारी निकाल लागला. शंभरातली चौऱ्याऐंशी जुळली, गुणांक ०.७८. ताईंनी तीनदा हिशेब तपासला आणि मगच सरांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "दीपा, छान. प्रकरण ठेवून घेतो." (हे मला अजून जमत नाही. सर खूश असतात तेव्हाचा आवाज मी आधी ऐकलाच नव्हता.) मावशीने कालवणात पापलेट वाढवलं आणि मारुतीकाकांनाही बोलावलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. नेते नाहीत कळल्यावर नाराज झाले, पापलेट दिसल्यावर सावरले.

जेवणं झाल्यावर ताईंनी वीस चिठ्ठ्या मांडल्या. एका पक्षाच्या दहा, दुसऱ्याच्या दहा, सगळ्या मच्छीमारांबद्दलच्या. मी बोटं मोडली. पहिली: बंदरावर बर्फाचा कारखाना देऊ. सोपं! दुसरी: बर्फाचा कारखाना लवकरच मिळेल. हेही सोपं! सातव्या चिठ्ठीपर्यंत मला घाम फुटला. मेहुल निकाल लिहीत होता, त्याच रेशनकार्डाच्या चेहऱ्याने.

वीसपैकी नऊ.

"नाणं उडवलं असतंस तरी दहा बरोबर आल्या असत्या," मेहुल म्हणाला.

"म्हणजे दोन्ही पक्ष सारखेच!" मी ओरडले. "लिहा प्रबंधात!"

"वीस चिठ्ठ्यांवर प्रबंध लिहीत नाय," ताई म्हणाल्या. "सगळी मोजून झाल्यावर बोलू. उद्या कॉलेजात भेट. तुझ्याच आवाजात."

सोमवारी मी कॅन्टीनमध्ये साध्या आवाजात एक चहा मागितला. कॅन्टीनवाला मनीष भांबावून म्हणाला, "ताई, कोण तुम्ही? नवीन ॲडमिशन का?"

मागच्या टेबलावर दीपाताई चहा पिता पिता ठसकल्या.