दोन मापं आणि वर थोडं

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात किती घरांवर स्लॅब टाकले ते त्यांनाच ठाऊक. वरवट बकालपासून नांदुऱ्यापर्यंत बसमधून जाताना खिडकीबाहेर बोट दाखवत राहायचे, हे माझं, तेही माझंच. आमच्या स्वतःच्या घरावर मात्र टिनाचे पत्रे. मिस्त्रीच्या घरावर पत्रे म्हणजे शिंप्याच्या सदऱ्याला बटन नसावं तसं, असं आई जेवायला वाढता वाढता ऐकवायची आणि बाबा मुकाट्यानं पोळी मोडायचे.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून नांदुऱ्याच्या एका ठेकेदाराकडे लागले, आणि त्याच हिवाळ्यात आमच्या स्लॅबचा मुहूर्त निघाला. दोन खोल्या, मधे बैठक. तीस पोती सिमेंट. मी नोकरीत नवी होते आणि नव्या माणसाला जी खाज असते ती मलाही होतीच. साइटवर पाहिलेलं प्लॅस्टिसायझर मी घरी आणायचं ठरवलं. पाच लिटरचा पांढरा डबा, आत काळपट तपकिरी काढ्यासारखं पाणी. बाबांनी झाकण उघडून वास घेतला.

"हे औषध कायच्यासाठी? मसाल्याले सर्दी झाली का?"

मी समजावलं. तुम्ही सिमेंटचा मसाला वाहता व्हावा म्हणून पाणी ओतता. ते जास्तीचं पाणी नंतर उडून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, स्लॅब कच्चा होतो आणि पुढे गळतो. हे घातलं की कमी पाण्यात तोच मसाला तसाच वाहतो. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाळीस वर्षं मी पानी टाकून राह्यलो, एक तरी स्लॅब पडला का?" पडला नव्हता. गळणारे दोन-तीन मला माहीत होते, पण आपल्याला त्याच घरात जेवायचं होतं.

आदल्या दिवशी मी साइटवरून मागून आणलेल्या थोड्या औषधावर एका पोत्याची चाचणी घेतली. डब्यावर पोत्यामागं शंभर ते अडीचशे मिली लिहिलं होतं. लिहिलं म्हणून डोळे मिटून ओतायचं नसतं. आपलं सिमेंट, आपली रेती, आपली थंडी पाहून माप ठरवायचं. दीडशेला मसाला हवा तसा बसला. मी पाण्याची बाटली कापून पेला केला आणि दीडशेच्या खुणेवर लाल नेलपॉलिशची रेघ मारली. मिक्सर चालवणाऱ्या काकांना तीनदा बजावलं. डबा आधी हलवायचा, तळाशी साका बसतो. कोरड्या सिमेंटवर ओतायचं नाही, बहुतेक पाणी गेल्यावर उरलेल्या पाण्यासोबत घालायचं. आणि एका पोत्याला एकच पेला, रेघेपर्यंत. तीस पोत्यांना साडेचार लिटर, अर्धा लिटर उरेल.

काका म्हणाले, "हाव बाई, समजलं." काकांना खरंच समजलं होतं. त्यांच्यावर मी आजही बोट ठेवत नाही.

सकाळी नारळ फुटला. मागे चूल पेटली, आईनं रोडग्यांसाठी कणिक मळायला घेतली, वांगी धुतली. मिक्सर घरघरायला लागला आणि मी व्हायब्रेटर धरून वर चढले. बारा पोत्यांपर्यंत सगळं असं सुरळीत चाललं की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मसाला घमेल्यातून पडला की आपसूक पसरायचा, सळईखाली शिरायचा. बाबा खालून मान वर करून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी संशय होता, मग कौतुक, आणि मग मला तेव्हाच घाबरायला हवं होतं असं काहीतरी. त्यांना औषध आवडलं होतं.

चहानंतरचा मसाला जास्तच पातळ आला. वाहतोय कसला, पळतोय. बैठकीच्या जागी पडला आणि फळ्यांच्या फटींतून पांढरं पाणी खाली टिपटिपायला लागलं. वरही पाण्याची साय आली. मी ओरडून विचारलं, पाणी वाढवलं का? काका म्हणाले, "नाही बाई, पानी जेवढ्याले तेवढंच." मिक्सरच्या आवाजात मला ते पटलं, म्हणजे मी पटवून घेतलं. ही माझी चूक. विसाव्या पोत्यानंतर काकांनी रिकामा डबा उलटा करून दाखवला, तेव्हा मी शिडी उतरले की वरून पडले ते मला आठवत नाही.

बारा पोत्यांचे एक लिटर आठशे. उरलेले तीन लिटर दोनशे, आठ पोत्यांत. पोत्यामागं चारशे मिली.

"बाबा?"

बाबा रेतीच्या ढिगाकडे पाहत होते. "दोन मापं आनि वर थोडं," ते म्हणाले. "इतकं छान चालून राह्यलं होतं, म्हटलं अजून छान चालंल."

रस्सा चांगला झाला म्हणून त्यात आणखी तिखट घालणारा माणूस! मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींसाठी वेळ नव्हता. मशीनमध्ये विसाव्या पोत्याचा मसाला अजून फिरत होता. ताकद तपासायचे ठोकळे पाडायला ठेकेदाराकडून मागून आणलेले तीन लोखंडी साचे मी त्याच मसाल्यानं भरले. उरलेली दहा पोती बिनऔषधाची गेली. पाणी थोडं वाढवलं तर सिमेंटही त्याच हिशोबानं वाढवलं, दोन जादा पोती लागली. संध्याकाळी सगळे रोडगे-वांग्याची भाजी जेवले. बाबा जेवले नाहीत, पोट भरलं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही खोल्यांवरचा स्लॅब दगड झाला होता. मधली बैठक मऊ. बोट लावलं की बोट आत.

आमच्याकडे नव्या स्लॅबला बोट लावून पाहायचा रिवाज आहेच, पण एरवी स्लॅब असा प्रतिसाद देत नाही. बातमी पसरली. शेजारचे आले, मागच्या गल्लीतले आले, दळण घेऊन निघालेल्या बाया डबा खाली ठेवून शिडी चढल्या. प्रत्येकानं बोट खुपसलं आणि प्रत्येकानं तोंड असं केलं की आपण पहिलेच. एकानं सांगितलं वरून कोरडं सिमेंट भुरका. दुसरा म्हणाला त्याचा मेहुणा मसाल्यात कपडे धुवायची पावडर टाकतो, फेस येतो, काम झक्कास. मी त्या मेहुण्याच्या स्लॅबखाली राहणाऱ्या लोकांची मनोमन काळजी केली.

आणि बाबा. बाबा सगळ्यांना सांगत होते, "पोरीनं आणलेलं औषध खोटं निघालं."

एकदा, दोनदा, पाचदा. मी तिथंच उभी होते. त्या शब्दांनी मला जेवढं लागलं तेवढं स्लॅबच्या मऊपणानं लागलं नाही. शेजारचे काका दोन महिन्यांनी स्लॅब टाकणार होते, मला विचारून डबाही आणला होता, ते हळूच म्हणाले, "बाई, मी आपलं साधंच टाकतो." मी बाबांना खोटं पाडू शकले असते. काका मिक्सरवाले साक्षीला होते. पण ज्या माणसानं टाकलेल्या छपरांखाली अख्खं गाव आहे त्याला त्याच्याच छपरावर उभं करून कसं सांगायचं?

बाबा कुदळ घेऊन आले. मधला भाग उकरून टाकतो म्हणाले. मी आडवी झाले, म्हणजे खरंच, शिडीच्या तोंडाशी. औषध जास्त झालं की सिमेंट उशिरा आवळतं, मेलेलं नसतं. मसाला फुटून गिट्टी वेगळी पडली असती तर गोष्ट निराळी होती, पण मी कडेनं पाहिलं होतं, गिट्टी जागेवर होती. आता त्याला हलवायचं नाही, वाळू द्यायचं नाही, वरून कोरडं काही टाकायचं नाही, पाण्याची धारही नाही. झाकून ठेवायचं आणि खालचे टेकू ठोकून ठेवायचे.

"किती वेळ?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

हे उत्तर बाबांना मुळीच आवडलं नाही. त्यांनी कुदळ उचलली. तेव्हा आई, जी आत्तापर्यंत फक्त चहा करत होती, खालून म्हणाली, "दही लावलं की तुमी दर घटकेले चमचा घालून पाह्यता काय? हलवलं तर पानी सुटते. ठेवा ते खाली."

कुदळ खाली आली. चाळीस वर्षांचा अनुभव आणि माझा डिप्लोमा, दोघं मिळून जे करू शकलो नाही ते विरजणानं केलं. आम्ही प्लॅस्टिकचा कागद पसरला, कडेला विटा ठेवल्या आणि बोटवाल्यांना शिडीखालीच अडवलं. आई शिडीच्या पहिल्या पायरीवर भाजी निवडत बसली. तिला ओलांडून जायची गावात कुणाची टाप नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आधी साच्यांकडे गेले. नखानं दाबलं. नख वाकलं. मी शिडीवर दोन-दोन पायऱ्या चढले, कागद दूर केला, टाच आपटली, आणि मग दोन्ही पायांनी उडी मारली, आणि मग उड्याच मारत राहिले. आई वर आली, तीही एक मारून गेली. खाली बाबा टेकूंना हात लावून उभे होते. "बस झालं व, सेंट्रिंग खाली येईन," ते म्हणाले, पण हसत होते.

कडक झालं म्हणजे पक्कं झालं असं नसतं. मी टेकू काढू दिले नाहीत. स्लॅबवर आळी करून पाणी भरलं, ठोकळे साच्यातून सोडवून पाण्याच्या टाकीत ठेवले. अठ्ठावीस दिवसांनी ते पिशवीत घालून, एसटीत मांडीवर घेऊन, माझ्या जुन्या कॉलेजात नेले. तिथल्या सरांनी मशीनमध्ये एकेक ठेवला. पहिला फुटला तेव्हा काटा आम्हाला हवा होता त्याच्या बराच पुढे गेला होता. दुसरा, तिसराही. येताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईला मी निकालाचा कागद दोनदा वाचून दाखवला. तिनं खिडकीकडची जागा मला दिली.

टेकू काढायच्या दिवशी तेच सगळे आले, बोट घालून गेलेले. जुन्या मिस्त्र्यांची रीत अशी की शेवटचा टेकू निघताना मिस्त्रीनं स्वतः खाली उभं राहायचं. बाबा बैठकीच्या मधोमध उभे राहिले. टेकू निघाला. काही झालं नाही. वर सगळ्यांच्या बोटांची भोकं तशीच होती आणि त्यांत आळ्यातलं पाणी साचलेलं होतं, खाली थेंब नाही.

बाबा तिथून हलले नाहीत. त्यांनी खिशातून काहीतरी काढलं. लाल रेघेचा पेला, जो हरवला असं मी समजत होते.

"औषध बरोबर होतं," ते सगळ्यांना म्हणाले. "पोरीनं माप बी बरोबर देलं होतं. माया हात जास्त पडला."

मग त्यांनी तो पेला शेजारच्या काकांच्या हातात दिला आणि रेघेवर नख ठेवून दाखवलं. "इथलोग. एका पोत्याले. मले मोह झाला तसा तुमाले झाला, तर हिले आवाज द्या."